बारा पिके, दहा रंग

महाराष्ट्रातल्या खरीप पिकांचा पेरा गेल्या काही दशकांत कसा बदलत गेला, हे एका रेषालेखात दाखवायचे आहे असे समजू. पिके बारा: भात, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, तूर, मूग, उडीद, भुईमूग, सोयाबीन, तीळ आणि कापूस. तक्ता तयार आहे, आकडे तपासलेले आहेत. पायथॉनमध्ये मॅटप्लॉटलिब वापरून आलेख काढला की क्षणात बारा रेषा उमटतात, प्रत्येकीला रंग मिळतो आणि कोपऱ्यात रंगांची सूची येते. काम झाले असे वाटते. नीट पाहिले तर तिळाची रेषा भाताच्याच निळ्या रंगात असते आणि कापसाची ज्वारीच्याच नारिंगी रंगात. 2017 सालच्या 2.0 आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबची मूळ रंगमाला `tab10` आहे. तिच्यात दहाच रंग आहेत आणि अकराव्या रेषेला ती पुन्हा पहिल्या रंगापासून सुरुवात करते. कुठेही चूक दाखवली जात नाही, सूचनाही येत नाही. अहवाल तसाच छापून जातो.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे मोठी रंगमाला शोधणे. बारा रंगांची मिळते, वीस रंगांचीही मिळते. पण रंग वाढवल्याने रेषा ओळखू येतातच असे नाही. अहवाल लिहिणारे, वृत्तपत्रांत आकडेवारी मांडणारे आणि प्रबंधासाठी आलेख काढणारे अशा सर्वांसाठी पुढची पाने आहेत. उपायांकडे वळण्याआधी रंगांची संख्या वाढली की नेमके काय बिघडते हे समजून घ्यायला हवे, कारण सारे उपाय त्या बिघाडातूनच निघतात.

रंगाला तीन मापे असतात. एक छटा, म्हणजे तो लाल आहे, निळा आहे की हिरवा. दुसरे उजळपणा आणि तिसरे भडकपणा. 1976 साली ठरलेल्या सीआयई लॅब या पद्धतीत ही मापे अशी बसवली आहेत की दोन रंगांमधले अंतर आकड्यात मोजता यावे आणि ते डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाशी साधारण जुळावे. या पद्धतीत उजळपणा 0 ते 100 असतो. काळा 0, पांढरा 100. पांढऱ्या कागदावर 75च्या वरचे रंग फिके पडतात आणि 40च्या खालचे सगळे काळपट दिसू लागतात. म्हणजे रेषांसाठी वापरता येण्याजोगी पट्टी मुळातच अरुंद आहे. तिच्यात उजळपणा एकसारखा ठेवून आणि भडकपणा 50 धरून रंग वर्तुळावर सारख्या अंतराने मांडले, तर सहा रंगांत शेजारच्या दोघांमधले अंतर 50 भरते. आठ रंगांत ते 38 होते, बारा रंगांत 26 आणि वीस रंगांत जेमतेम 16. हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्षात निळसर हिरव्या बाजूला साधा संगणकाचा पडदा मधल्या उजळपणावर इतका भडकपणा दाखवूच शकत नाही. वर्तुळ तिथे आत चेपते आणि त्या बाजूचे रंग आणखी जवळ येतात.

शेजारी ठेवलेले दोन मोठे चौकोन असतील तर 26 अंतरसुद्धा सहज कळते. आलेखात मात्र रंग चौकोनात नसतो, दीड-दोन पिक्सेल जाडीच्या रेषेत असतो. रंगाचे क्षेत्र जितके लहान, तितका दोन रंगांतला फरक जास्त लागतो. मॉरीन स्टोन, डॅनियल साफिर आणि विद्या सेटलूर यांनी 2014 साली हा परिणाम मोजून त्याचे सूत्र मांडले. म्हणूनच स्तंभालेखात चांगली चाललेली रंगमाला रेषालेखात किंवा बारीक ठिपक्यांच्या आलेखात निकामी होते. रंगमाला निवडताना ती ज्या आकारात वापरायची आहे त्याच आकारात पाहावी, संकेतस्थळावरच्या ठसठशीत चौकोनांत नव्हे.

माझ्या मते यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. वाचक दोन रंग शेजारी ठेवून पाहत नाही. तो एक रेषा पाहतो, तिचा रंग मनात धरतो, नजर सूचीकडे नेतो आणि तिथे तो रंग शोधतो. या दोन क्षणांच्या मध्ये रंग डोळ्यासमोर नसतो, आठवणीत असतो. आणि आठवणीत तो बहुधा नावाने राहतो: ती जांभळी, ती हिरवी. सूचीत हिरवट म्हणावे असे तीन रंग असले की वाचक अडतो, पुन्हा रेषेकडे जातो, पुन्हा सूचीकडे येतो. बारा रेषांच्या आलेखात ही ये-जा इतकी होते की पेरा वाढला की घटला हे पाहायला लक्ष उरत नाही. म्हणून कुठलीही रंगमाला घेतली की मी एक साधी चाचणी करते. प्रत्येक रंगाला घरात सहज बोलले जाणारे वेगळे नाव देता येते का? लाल, निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, जांभळा, गुलाबी, तपकिरी, राखाडी आणि काळा इथपर्यंत अडचण येत नाही. पांढरा कागदानेच घेतलेला असतो. पुढे आकाशी, पोपटी, मोरपंखी, आमसुली, अबोली अशी सुरेख नावे आपल्याकडे आहेत, पण मोरपंखी नेमका कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. ख्रिस्तोफर हीली यांनी 1996 साली एका नजरेत वेगळे ओळखता येणाऱ्या रंगांचा अभ्यास केला, तेव्हा ते सात रंगांपाशी थांबले. केनेथ केली यांनी 1965 साली जास्तीत जास्त फरकाच्या 22 रंगांची प्रसिद्ध यादी दिली. तीत काळा आणि पांढरा धरून पहिले नऊच रंग त्यांनी रंगदृष्टी कमी असणाऱ्यांनाही चालतील असे निवडले होते.

रंगदृष्टीचा हा मुद्दा नुसता नोंदवून पुढे जाण्यासारखा नाही. डोळ्यात तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतल्या लांब किंवा मध्यम लहरी टिपणाऱ्या पेशी नसतील किंवा बिघडलेल्या असतील, तर लाल आणि हिरव्यामधला फरक पुसट होतो. या पेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने हा दोष पुरुषांत खूप जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो सुमारे 8 टक्के आहे, स्त्रियांत अर्धा टक्का. वर सांगितलेले रंगांचे वर्तुळ अशा डोळ्यांसाठी चपटे होते. निळ्यापासून पिवळ्यापर्यंतची एक पट्टी तेवढी उरते आणि समोरासमोरचे रंग एकमेकांवर येऊन बसतात. `tab10` मध्ये जांभळा निळ्याजवळ जातो, लाल आणि तपकिरी दोन्ही मातकट होतात, गुलाबी राखाडीकडे सरकतो. आपल्या आलेखात याचा अर्थ असा, की नाचणी आणि भात, मका आणि तूर, मूग आणि उडीद या जोड्या गोंधळात पडतात.

याच रंगमालेचा उजळपणा मोजून पाहा. निळा 48, लाल 47, जांभळा 51 किंवा 52, राखाडी 53, हिरवा 58. रंगीत पडद्यावर हे पाच रंग स्पष्ट वेगळे आहेत. हाच अहवाल कार्यालयातल्या साध्या काळ्या-पांढऱ्या छपाईयंत्रावर छापला किंवा त्याची झेरॉक्स काढली, की भात, मका, नाचणी, उडीद आणि बाजरी या पाच रेषा जवळजवळ एकाच करड्या रंगात येतात. आणि अहवाल तालुक्याच्या ठिकाणी बहुधा याच रूपात पोहोचतो.

रंगदृष्टीचा विचार करून केलेल्या रंगमालांपैकी सर्वांत वापरली जाणारी रंगमाला मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांची आहे. तिच्यात काळा धरून आठ रंग आहेत:

```
#0072B2  #D55E00  #009E73  #CC79A7
#E69F00  #56B4E9  #F0E442  #000000
```

हिच्यात शेंदरी आणि हिरवा हे दोन्ही आहेत. पण हिरवा निळसर घेतलेला आहे आणि शेंदरी पिवळसर, त्यामुळे लाल-हिरव्याचा फरक पुसला तरी निळे-पिवळेपणाचा उरतो. माझ्या कामात मी हीच रंगमाला आधी हाताशी घेते. तरीही तिच्या मर्यादा माहीत हव्यात. पिवळा #F0E442 पांढऱ्या कागदावर जवळपास दिसत नाही. त्याचे पांढऱ्याशी प्रमाण सुमारे 1.3 भरते, आणि आलेखातल्या अर्थवाही आकृत्यांसाठी डब्ल्यूसीएजी 2.1 हे सुगम्यतेचे मानक किमान 3 मागते. आकाशी आणि नारिंगीही 2.3च्या आसपासच थांबतात. म्हणून रेषांसाठी पिवळा मी काढूनच टाकते, आणि आकाशी व नारिंगी जाड पट्ट्यांसाठी ठेवते, त्याही गडद कडेसह. दुसरी मर्यादा अशी की नारिंगी आणि आकाशी या दोघांचाही उजळपणा 70च्या जवळ आहे. रंगदृष्टी कमी असलेल्या माणसाला ते सहज वेगळे दिसतात, झेरॉक्समध्ये मात्र एक होतात. एखादी रंगमाला रंगांधळ्यांसाठी सुरक्षित आहे म्हणजे ती छपाईसाठीही सुरक्षित आहे, असे धरून चालता येत नाही. दोन्ही वेळा वेगळे तपासावे लागते, आणि तपासणे अवघड नाही. आलेखाचे चित्र करड्या रंगात बदलून पाहायचे आणि रंगदृष्टीचे अनुकरण करणाऱ्या एखाद्या साधनातून पुन्हा पाहायचे. दोन्ही वेळा सूची झाकून रेषा ओळखता आल्या पाहिजेत.

आता पुन्हा बारा पिकांकडे. इतके सगळे मोजल्यावर दिसते ते असे, की बारा रेषा रंगाने वेगळ्या ठेवता येणार नाहीत. मग रंगाने काय करायचे आणि बाकीचे काम कोणावर सोपवायचे, हे ठरवावे लागते.

पहिला प्रश्न, आलेख कशासाठी आहे? खरिपाच्या चित्रात गेल्या काही दशकांतला सर्वांत मोठा बदल म्हणजे सोयाबीनचा विस्तार आणि ज्वारीची पीछेहाट. तेच दाखवायचे असेल तर सोयाबीन गडद निळ्यात, ज्वारी शेंदरीत आणि उरलेल्या दहा रेषा फिक्या राखाडीत. दोन्ही ठळक रेषांच्या उजव्या टोकाला त्यांची नावे लिहायची, सूची काढून टाकायची. राखाडी रेषा तिथे असण्यालाही कारण आहे. इतर पिके कुठल्या पट्टीत हलतात याची पार्श्वभूमी त्या देतात. करड्या छपाईत निळा आणि शेंदरी जवळ आले तरी नावे टोकाशी असल्याने गोंधळ होत नाही, आणि फिक्या रेषा फिक्याच राहतात.

प्रत्येक पीक वाचता यावे अशी गरज असेल तर कृषी खात्याच्या तक्त्यांतली विभागणीच उपयोगी पडते. तृणधान्ये पाच: भात, ज्वारी, बाजरी, मका, नाचणी. कडधान्ये तीन: तूर, मूग, उडीद. गळितधान्ये तीन: भुईमूग, सोयाबीन, तीळ. उरला कापूस. एकाच्या जागी चार लहान आलेख काढायचे, चौघांनाही वर्षांची तीच आडवी पट्टी. प्रत्येकात बाराही रेषा फिक्या राखाडीत, त्या गटातल्या तेवढ्या गडद रंगात. गटाला रंग एकच, पिकाला नाव. इथे एक मोह टाळावा लागतो. एका गटात पाच पिके आहेत म्हणून एकाच हिरव्याच्या पाच छटा करायच्या, हे मी बऱ्याच अहवालांत पाहते. मधल्या तीन छटा कोणालाच ओळखता येत नाहीत. वर फिक्यापासून गडदपर्यंतचा क्रम पाहून वाचक समजतो की यात कमी-जास्त असे काही आहे. छटांची चढण संख्येसाठी राखून ठेवावी. ज्वारी ही बाजरीपेक्षा जास्त हिरवी नसते.

नावे टोकाशी लिहिताना अडचणी येतातच. तृणधान्यांच्या आलेखात दोन रेषा शेवटच्या वर्षी जवळ आल्या तर नावे एकमेकांवर चढतात. तेव्हा एक नाव थोडे वर सरकवून बारीक रेघेने जोडावे. दोन रेषा मध्येच एकमेकींना छेदत असतील, तर छेदानंतर कुठली कुठे गेली हे कळावे म्हणून एक तुटक करावी. तुटक, ठिपक्यांची आणि सलग असे तीन प्रकार स्पष्ट कळतात. त्याहून जास्त प्रकार केले की रंगांत झालेला गोंधळ तुकड्यांत होतो. ठिपक्यांच्या आकारांचेही तसेच आहे. गोल, चौकोन, त्रिकोण आणि फुली चालतात, पण षट्कोन आणि पंचकोन लांबून गोलच दिसतात. तीळ आणि नाचणीसारख्या कमी पेऱ्याच्या पिकांची अडचण रंगाची नाहीच, मापाची आहे. कापसाच्या शेजारी त्यांच्या रेषा तळाला चिकटतात आणि कुठलाही रंग त्यांना वर आणू शकत नाही. त्यांच्यासाठी उभे माप वेगळे घ्यावे आणि ते वेगळे आहे हे आलेखावरच ठळक लिहावे.

रंग एकट्याने अर्थ वाहू नये असे कधी म्हणायचे? डब्ल्यूसीएजीमध्ये याचा नियम अगदी पहिल्या, सक्तीच्या पातळीवर आहे. क्रमांक 1.4.1. रंग हे माहिती देण्याचे एकमेव दृश्य साधन असू नये. माझ्या मते चुकीच्या वाचनाची किंमत जिथे मोठी आहे तिथे हा नियम पाळायलाच हवा, आणि त्याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. बातमीत हे चांगले पोहोचते, कारण तिथे रंग शब्दांत येतो: रायगडला ऑरेंज अलर्ट. रंग न दिसणाऱ्यालाही शब्द ऐकू येतो. हाच इशारा कोणी नुसत्या रंगवलेल्या नकाशातून मोबाईलवर पुढे पाठवला, तर पिवळा आणि नारिंगी, किंवा नारिंगी आणि हिरवा, काही डोळ्यांना एकाच मातकट कुळातले दिसतात. शिवाय हे चार रंग म्हणजे चार वेगळे गट नाहीत, त्यांना चढता क्रम आहे, आणि तो रंगांतून आपोआप कळत नाही. जिल्ह्याच्या क्षेत्रात एक अक्षर किंवा 1 ते 4 हा आकडा लिहिला की अडचण तिथेच संपते. नकाशात जागा पुरत नाही असे कारण दिले जाते, पण 36 जिल्ह्यांच्या नकाशात मुंबई शहर आणि उपनगर सोडले तर एका अक्षरापुरती जागा सगळीकडे असते, आणि त्या दोघांसाठी समुद्राची बाजू मोकळी असते.

याच्या उलट, रंग चुकला तरी काही अडत नाही अशा जागाही असतात. आडव्या स्तंभालेखात प्रत्येक स्तंभाच्या डावीकडे पिकाचे नाव असेल तर स्तंभांना रंगच नको. बारा स्तंभ बारा रंगांत रंगवले की वाचक त्या रंगांना अर्थ शोधू लागतो. एकच रंग घ्यावा. वृत्तालेखात आणि विभाजित स्तंभालेखात मात्र शेजारशेजारचे तुकडेच एकमेकांपासून वेगळे दिसायला हवे असतात, म्हणून तिथे तुकड्यांमध्ये पांढरी फट ठेवली आणि नाव तुकड्यावर लिहिले की सहा रंगांवरही भागते.

एक प्रकार असा आहे की जिथे रंग आपण निवडतच नाही, ते आधीच ठरलेले असतात. निवडणुकीचा निकाल. महाराष्ट्र विधानसभेच्या 2024च्या निकालात 288 जागांपैकी भाजपला 132, शिवसेनेला 57, राष्ट्रवादी काँग्रेसला 41, शिवसेना (उबाठा) पक्षाला 20, काँग्रेसला 16 आणि राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाला 10 जागा मिळाल्या. पक्षांचे रूढ रंग वापरले तर भाजप आणि शिवसेना दोन्ही भगव्याच्या आसपास येतात, आणि एकाच पक्षातून झालेल्या दोन पक्षांचे रंग तर एकमेकांचे सख्खेच असतात. भगव्याच्या तीन छटा करून हे सुटत नाही. नकाशावर लहान मतदारसंघात त्या एकच दिसतात. इथे मी रंगाला एकच काम देते, आघाडी सांगण्याचे. महायुतीला नारिंगी, महाविकास आघाडीला निळा, इतरांना राखाडी. निळा आणि नारिंगी हे लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांनाही वेगळे कळतात, आणि निळा पुरेसा गडद घेतला की करड्या छपाईतही तो वेगळा राहतो. पक्ष मात्र जागेने आणि अक्षरांनी सांगायचे. आडव्या स्तंभांचे दोन गट, मध्ये मोकळी ओळ, प्रत्येक स्तंभाच्या डावीकडे पक्षाचे पूर्ण नाव आणि उजवीकडे जागांचा आकडा. मतदारसंघांच्या नकाशात आघाडीचा रंग ठेवून पक्षाचे आद्याक्षर लिहायचे. मुंबई आणि पुण्याच्या दाट भागासाठी बाजूला मोठा नकाशा काढावा लागतो, कारण तिथे मतदारसंघ इतके लहान आहेत की आद्याक्षरही आत मावत नाही.